पहिल्या ऑनलाइन तासाची पहिली दोन मिनिटे

जून २०२० मध्ये शाळेचे नवे वर्ष ऑनलाइन सुरू झाले, तेव्हा तालुक्याच्या गावातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवून मला १५ वर्षे झाली होती. वर्गात पाऊल टाकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचे, हे या १५ वर्षांत मला कधी लिहून काढावे लागले नव्हते. फळा पुसता पुसता मागच्या बाकावर कोण कुजबुजते आहे ते कळायचे, एखादे मूल घाबरलेले असले तर त्याच्या बाकाजवळ उभे राहून शिकवता यायचे, आणि नियम तर नुसत्या बघण्यानेही सांगून होत. त्याच भरवशावर मी आठवी अ च्या पहिल्या ऑनलाइन तासाला बसले आणि ४० मिनिटांतील पहिली १७ मिनिटे गणिताचा एक शब्दही न बोलता गेली. आठवी ब चा तास दोन दिवसांनी होता. मधल्या वेळात मी दोन मिनिटांची एक संहिता लिहिली, तिची तालीम केली आणि ती जवळजवळ शब्दशः वापरली. ती कशी तयार झाली आणि प्रत्यक्षात कुठे अडली, ते येथे लिहिते आहे.

आधी आठवी अ मध्ये काय झाले ते सांगायला हवे. मी पहिलेच वाक्य बोलले, ते म्हणजे, "सगळ्यांना माझा आवाज येतोय का?" साधा वाटणारा हा प्रश्न ३० मुलांनी एकाच वेळी तोंडी उत्तर द्यावे असाच होता, आणि त्यांनी ते दिले. तीसही माइक उघडे होते. त्यातच दोन भावंडे एकाच खोलीत दोन फोन घेऊन बसली होती, त्यामुळे एका फोनच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून किंचाळल्यासारखी शिट्टी सुरू झाली. ती थांबवण्यात काही मिनिटे गेली. त्यानंतर मी १४ नियमांची चित्रफीत दाखवली, एकेक नियम वाचला आणि मग हजेरी घेतली. हजेरी चालू असताना एका मुलाच्या माइकमधून शिलाई मशीनचा आवाज आला. त्याची आई घरी कपडे शिवते. कोणीतरी हसले, त्याच्यामागून आणखी दोघे हसले, आणि त्या मुलाची चौकट पडद्यावरून नाहीशी झाली. तो त्या दिवशी परत आला नाही.

शेवटी मी संख्यारेषा काढायला घेतली आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच तास तुटला. आमची शाळा झूमची विनाशुल्क सोय वापरत होती आणि तिच्यात गटाची बैठक ४० मिनिटांनी आपोआप बंद होते. हे मला माहीत होते, पण वेळ कुठे गेला ते त्या क्षणापर्यंत लक्षात आले नव्हते. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या आणि पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका असाव्यात असे त्यांत सांगितले गेले. म्हणजे १७ मिनिटे वाया जाणे ही चैन एरवीही परवडणारी नव्हती.

त्या संध्याकाळी मी त्या मुलाच्या आईला फोन केला. "बाई, तो म्हणतो मशीन बंद असेल तेव्हाच बसीन. पण मशीन बंद करून कसं चालेल?" असे त्या म्हणाल्या. या एका वाक्याने माझा सगळा अंदाज बदलला. मुलांना माझी किंवा गणिताची भीती वाटत असेल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात त्यांना भीती होती ती आपले घर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल याची आणि चुकलेले उत्तर ३० चौकटींसमोर उघडे पडेल याची. शाळेच्या वर्गात चुकलेले उत्तर हवेत विरून जाते. इथे ते नावासकट पडद्यावर राहते.

मग लिहायला बसले. पहिला मसुदा ५१० शब्दांचा झाला. फोनमध्ये रेकॉर्ड करून वाचला तेव्हा सव्वाचार मिनिटे लागली, म्हणजे माझा शांतपणे बोलण्याचा वेग मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास पडतो. दोन मिनिटांत मुलांनी काहीतरी करण्यासाठी थांबायचे अर्धे मिनिट धरले, तर बोलण्यासाठी दीड मिनिट, म्हणजे जास्तीत जास्त १८० शब्द उरतात. हा हिशेब कागदावर मांडल्यावर काटछाट आपोआप सुरू झाली. स्वागत, माझी ओळख, 'हे वर्ष वेगळे आहे' हा परिच्छेद, हे सगळे पहिल्या फटक्यात गेले. हजेरीही गेली, कारण चॅटमध्ये ज्याचे उत्तर येते तो हजर असतो आणि चॅट तास संपण्याआधी जतन करता येते.

नियमांची निवड मात्र जड गेली. शेवटी प्रत्येक नियमाला मी एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे पुढच्या दहा मिनिटांत हा नियम लागणार आहे का? 'वेळेवर उपस्थित राहावे' हा नियम वेळेवर आलेल्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. 'गृहपाठ वेळेत पाठवावा' हा गृहपाठ देतानाच सांगायचा होता. चौदातले चार उरले: उत्तर चॅटमध्ये द्यायचे, माइक मी सांगितल्यावरच उघडायचा, कॅमेऱ्याची सक्ती नाही, आणि रेंज गेली तर निमूट परत यायचे. त्यातलाही पहिला नियम मी नियम म्हणून सांगितलाच नाही, तो त्यांच्याकडून करून घेतला.

तालमीसाठी सहावीतल्या भाचीला आमच्याच घरात, पण वरच्या मजल्यावर, दुसरा फोन देऊन बसवले. एकाच खोलीत बसलो असतो तर तीच शिट्टी पुन्हा ऐकावी लागली असती. मी लॅपटॉपवर होते आणि माझ्या पडद्यावर चॅटचे चिन्ह कायम समोर दिसत होते, त्यामुळे "चॅटमध्ये लिहा" एवढे पुरेसे आहे असे मला वाटत होते. दोनदा सांगूनही काहीच येईना, तेव्हा वरून हाक आली, "आत्या, चॅट कुठंय? इथं काहीच नाहीये!" वर जाऊन पाहिले तर फोनवर खालची पट्टी काही सेकंदांत लपत होती. पडद्यावर बोट टेकवले की ती पुन्हा येई, आणि त्यातही चॅट थेट न दिसता More या बटणाच्या पोटात होते. आमच्या वर्गातील जवळजवळ सगळी मुले फोनवरच होती. शिक्षकाला जे दिसते ते विद्यार्थ्याला दिसत नाही, हे मला त्या तालमीपूर्वी कोणी सांगितले असते तरी पटले नसते.

त्याच तालमीत दुसरी गोष्ट सापडली आणि माझ्या मते संहितेतील कोणत्याही वाक्यापेक्षा ती महत्त्वाची ठरली. बैठक चालवणाऱ्याला चॅटची मर्यादा ठरवता येते. तिथे Host only हा पर्याय निवडला की मुले जे लिहितील ते फक्त शिक्षकाला दिसते, आणि शिक्षकाने लिहिलेले मात्र सगळ्यांना दिसू शकते. तासादरम्यान मुलांनी आपसांत गप्पा मारू नयेत म्हणून मी तो पर्याय शोधत होते. पण चुकलेले उत्तर झाकून ठेवणारा पडदाही तोच होता.

अखेरची संहिता अशी होती:

"नमस्कार, आठवी ब. मी तुमच्या गणिताच्या बाई. माझा आवाज येत असेल तर बोलू नका, चॅटमध्ये १ लिहा. चॅट सापडत नसेल तर पडद्यावर एकदा बोट टेकवा, खाली पट्टी येईल, तिच्यात More दाबा आणि मग Chat. (थांबणे, ८ सेकंद.) आले, आकडे यायला लागले. चॅटमध्ये तुम्ही जे लिहाल ते फक्त मला दिसते, वर्गात दुसऱ्या कोणालाही दिसत नाही, त्यामुळे उत्तर चुकले तर ते तुमच्या-माझ्यातच राहील. सगळ्यांचे माइक मीच बंद ठेवले आहेत. मी ज्याचे नाव घेईन त्याच्या पडद्यावर सूचना येईल, ती स्वीकारली की माइक सुरू होईल. त्या वेळी घरातला आवाज आला तर येऊ द्या, माझ्या घरीही कुकरच्या शिट्ट्या होतात. कॅमेरा लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. रेंज गेली तर त्याच लिंकवरून परत या, कारण सांगत बसू नका. आता वही आडवी धरा आणि एक रेघ काढा. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला एक. बरोबर मध्ये खूण करा, तिथे एक छेद दोन लिहा. आता एक छेद दोन आणि एक यांच्या बरोबर मध्ये आणखी एक खूण करा. या खुणेवर कोणती संख्या येईल? चॅटमध्ये लिहा. अंकांत लिहा किंवा शब्दांत, दोन्ही चालेल. मी बारा सेकंद गप्प बसणार आहे."

आठवीच्या गणिताचा पहिला पाठ 'परिमेय व अपरिमेय संख्या' हा आहे आणि त्याची सुरुवात संख्यारेषेने होते, म्हणून प्रश्न तिथलाच घेतला. प्रश्न निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. रेघ काढणे प्रत्येकाला जमते, त्यामुळे ज्याला उत्तर येणार नाही त्याच्याही हातून काहीतरी झालेले असते. उत्तर दोन-तीन कळा दाबून लिहिता येते. आणि ते चुकले तर कसे चुकले हे उत्तरावरूनच कळते. 'पूर्णांक म्हणजे काय?' असा प्रश्न घेतला असता तर निम्म्या मुलांनी फोनच्या कीबोर्डवर मराठी टाइप करण्यात तास घालवला असता.

'अंकांत किंवा शब्दांत' हे शेवटचे वाक्यही भाचीमुळेच आले. तिला तीन छेद चार लिहायचे होते, पण छेदाची तिरकी रेघ चिन्हांच्या दुसऱ्या पानावर होती आणि तिने कंटाळून '34' लिहून पाठवले होते. वर्गात असे झाले असते तर ३४ हे चुकीचे उत्तर समजून मी मुलांना वेगळेच काहीतरी समजावत बसले असते.

गप्प बसण्याचे सेकंद संहितेत लिहून ठेवले, याचे कारण माझी स्वतःची खोड. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तरी मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात, असे मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले. ते प्रत्यक्ष वर्गांच्या निरीक्षणावरून होते. ऑनलाइन तासात माझा आवाज पोहोचायला एखादा सेकंद, पट्टी शोधायला दोन-तीन, लिहायला चार-पाच आणि उत्तर माझ्यापर्यंत यायला पुन्हा एखादा सेकंद लागतो, म्हणून मी बारा धरले. पडद्यासमोर बारा सेकंद शांत बसणे किती अवघड असते, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आवाज तुटला असेल असे वाटून मुलेही अस्वस्थ होतात. म्हणूनच 'मी गप्प बसणार आहे' हे आधी सांगून टाकले.

आठवी ब च्या तासाला मी दहा मिनिटे आधी बसले. मुले येताच त्यांचे माइक बंद राहतील अशी मांडणी केली आणि माइक स्वतःहून सुरू करण्याची मुभाही काढून घेतली. प्रतीक्षाकक्ष सुरू ठेवला आणि आलेल्या सगळ्यांना ठरलेल्या वेळी एकदम आत घेतले. पटावर ४४ मुले होती, त्यातील ३३ वेळेवर आली. संहितेचा कागद लॅपटॉपच्या पडद्यामागे, कॅमेऱ्याच्या उंचीवर भिंतीला चिकटवला होता, म्हणजे वाचताना नजर खाली जात नव्हती.

पहिला १ तिसऱ्या सेकंदाला आला. आठ सेकंदांत १९ आले, आणि पुढची दोन वाक्ये बोलेपर्यंत २८. एका पानावर २५ चौकटी दिसत असल्यामुळे हात वर करायला सांगितले असते तर मला पाने उलटत मोजावे लागले असते. इथे मोजणी चॅटनेच केली. उरलेल्या पाचांसाठी मी थांबले नाही. दोन मिनिटांच्या संहितेत सर्वात मागे असलेल्याची वाट पाहिली की ती सात मिनिटांची होते, हे आठवी अ ने शिकवले होते. त्या पाचांना पुढचे प्रश्न सोडवण्याच्या वेळात एकेकाला नावाने विचारले. तिघांना आवाज येत होता पण चॅट सापडले नव्हते, एकाचा फोन वडील कामावर घेऊन निघाले होते, आणि एकाकडून काहीच उत्तर आले नाही.

नंतर आलेल्या मुलांचा मात्र मी विचारच केला नव्हता. माझी संहिता अर्ध्यावर असताना प्रतीक्षाकक्षात चौघे येऊन थांबले आणि दर वेळी टुणकन आवाज होऊ लागला. पहिल्याला आत घेण्यासाठी मी वाक्य तोडले आणि पुन्हा जोडताना माइकचा नियम सांगायचा राहिला असता. बाकीच्या तिघांना तसेच थांबवले आणि वर्ग संख्यारेषेवर खूण करत असताना आत घेतले. पण उशिरा येणाऱ्याला आधीचे चॅट दिसत नाही, त्यामुळे त्यांना काय चालले आहे ते कळेना. तेव्हापासून 'चॅट फक्त बाईंना दिसते, माइक बाई सुरू करतील, वहीत ० ते १ ची रेघ काढा' एवढी ओळ मी आधीच लिहून ठेवते आणि कोणीही नव्याने आत आले की चिकटवते.

घड्याळात दोन मिनिटे आणि दहा सेकंद झाले होते तेव्हा प्रश्न विचारून झाला. बाराव्या सेकंदापर्यंत २३ उत्तरे आली. त्यातील १४ बरोबर होती, आणि त्यातही पाच जणांनी अंक न लिहिता 'पाऊण' असे लिहिले होते. हे मला सुचलेही नव्हते. आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण ही संख्यारेषा मुले दूध आणि साखर आणायला जातात तेव्हापासून बोलत असतात. चुकलेल्या उत्तरांत सहा जणांनी दीड लिहिले होते. त्यांनी अर्धा आणि एक यांच्या मधला बिंदू शोधण्याऐवजी त्या दोहोंची बेरीज केली होती. उरलेल्या तिघांनी २/३ लिहिले होते, आणि ती चूक मला जास्त आवडली, कारण १/२ नंतर २/३ येते असा काहीतरी क्रम त्यांनी मनात धरला होता. कोणाचेही नाव न घेता मी दोन्ही चुका पडद्यावरच्या रेषेवर मांडल्या. दीड ही संख्या रेघेच्या बाहेर पडते हे दाखवले, आणि २/३ साठी एकाच्या तीन समान भागांची दुसरी रेघ खाली काढली. २/३ ची खूण पाऊणच्या किंचित डावीकडे पडली आणि दोन परिमेय संख्यांतील लहानमोठेपणा या पुढच्या मुद्द्याला मी न ठरवता पोहोचले.

माइक पहिल्यांदा उघडला तो पाचव्या मिनिटाला. 'पाऊण' लिहिणाऱ्या एका मुलीला विचारले, "पाऊण म्हणजे किती छेद किती?" ती उत्तर देत असताना मागे कोंबडा आरवला. हसू आले असेलही, पण ते ऐकू येण्याची सोय नव्हती. तिने कोंबड्यासकट उत्तर पूर्ण केले.

संहितेतील एक वाक्य मी पुढे बदलले. 'कॅमेरा लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा' या वाक्यानंतर सहा सोडून सगळे कॅमेरे बंद झाले आणि तास संपेपर्यंत बंदच राहिले. सक्ती करणे मला अजूनही योग्य वाटत नाही, कारण डेटा संपतो आणि घर दिसते, ही दोन्ही कारणे खरी आहेत. पण पुढच्या तुकडीला मी 'शेवटच्या मिनिटाला ज्यांना शक्य आहे त्यांनी वही कॅमेऱ्यासमोर धरा' असे सांगितले. तेव्हा चेहऱ्यांऐवजी वह्या दिसल्या, आणि मला त्याच बघायच्या होत्या. जी ७ मुले आलीच नव्हती त्यांच्यापर्यंत मात्र ही संहिता कधीच पोहोचली नाही. त्यांच्यासाठी वहीच्या पानांचे फोटो शेजारच्या मुलांच्या फोनवर पाठवणे, एवढेच त्या वेळी हातात होते.

आठवी अ चा दुसरा तास त्याच आठवड्यात झाला. त्यांच्यासाठी पूर्ण संहिता वाचली नाही. चॅट फक्त मला दिसते आणि घरातला आवाज आला तर येऊ द्या, ही दोनच वाक्ये सांगितली आणि तोच रेघेचा प्रश्न दिला. शिलाई मशीनच्या घरातील मुलगा आला होता. त्याचे उत्तर सर्वात शेवटी, मी पुढे बोलायला सुरुवात केल्यावर आले: "पाऊण. बाई मशीन चालू आहे." मी त्याला "चालू दे" असे लिहिले आणि थोड्या वेळाने, उणे दोन छेद तीन ही संख्या रेषेवर कुठे येईल हे विचारताना, त्याचे नाव घेतले. माइक सुरू करण्याची सूचना त्याने दोनदा नाकारली आणि तिसऱ्यांदा स्वीकारली. मशीनची घरघर सगळ्यांना ऐकू आली, आणि तिच्यावरून जरा मोठ्या आवाजात त्याने शून्याच्या डावीकडे मोजायला सुरुवात केली.